रात्री नऊ वाजता वाचायचं पत्र

प्रश्न : मी ४१ वर्षांची, राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७६ किलो. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी ६.० आली आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. औषध अजून नाही. खाणं मोजायला शिकले आहे, दिवसाला १५०० कॅलरी ठरवल्यात. याआधीही सुरुवात करून सोडलंय. कारण दर वेळी तेच : एक दिवस बिघडतो, मग मी म्हणते ‘आता सोमवारपासून’, आणि तो सोमवार दोन महिन्यांनी उगवतो. म्हणून या वेळी सुरू करण्याआधीच स्वतःला पत्र लिहून ठेवायचं ठरवलं. कच्चा मसुदा असा : ‘गोड बंद. बाहेरचं बंद. चुकलं तर दुसऱ्या दिवशी फक्त ताक आणि फळं, आणि दुप्पट चालणं. रोज काट्यावर उभी राहा. लाज वाटू दे.’ मैत्रीण म्हणाली, हे पत्र आहे की नोटीस! वाईट दिवसांसाठी यात नेमके कोणते नियम लिहू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

‘चुकलं तर’पासून पुढचं सगळं आधी खोडा. वरची दोन ‘बंद’ही जायची आहेत, पण त्यांच्याकडे नंतर येऊ.

हे पत्र वाचणार कोण आहे, ते डोळ्यांसमोर आणा. लिहिणारी बाई रविवारी सकाळी चहा घेऊन नव्या वहीसमोर बसली आहे. तिला भूक नाही, घाई नाही, उमेद भरपूर आहे. वाचणारी मात्र रात्री नऊ वाजता ओट्यापाशी उभी आहे, लोकलमध्ये उभं राहून पाय भरून आलेत आणि हातात चिवड्याचा डबा आहे. तिच्याच्याने दोन पानं वाचवणार नाहीत, आणि ओरडून घ्यायला तर ती मुळीच तयार नाही. तिला दोन गोष्टी कळायला हव्यात : आतापर्यंत नुकसान खरंच किती झालं, आणि आता ताटात काय घ्यायचं. त्या वेळी हिशेब करायचं त्राण तिच्यात नसतं, म्हणून तो आज करून ठेवू.

तुमचं वय, उंची, वजन, बैठी नोकरी आणि रोजचं जाणं-येणं, चालणं धरलं, तर वजन आहे तिथेच राहायला तुम्हाला दिवसाला साधारण १९०० कॅलरी लागत असाव्यात. हा अंदाज आहे, शंभर-दीडशे इकडेतिकडे होऊ शकतात. १५०० खाल्ल्या की रोज ४०० ची तूट, आठवड्याला २८०० ची. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. म्हणजे सातही दिवस नीट गेले तर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चरबी उतरते, महिन्याला दीड किलो.

आता एक बुधवार घ्या. सकाळचा नाश्ता, डबा, चारचा चहा सगळं ठरल्याप्रमाणे झालं, ९५० कॅलरी. पाच वाजता ऑफिसात कुणाचा तरी निरोप समारंभ. एक समोसा, केकचा तुकडा, पेलाभर थंड पेय. धरा ६५०. तुम्ही घरी आलात. तुमचं रात्रीचं जेवण एरवी ५५० चं असतं. तेच जेवलात तर दिवसाची बेरीज २१५० होते, म्हणजे १९०० च्या वर फक्त २५०. चरबीत मोजलं तर तीसेक ग्रॅम. समारंभाने बिघडवलेला दिवस एवढाच आहे.

पण तुम्ही तेच जेवत नाही. ‘आज तर गेलंच’ म्हणून पुलाव, त्यावर दोन गुलाबजाम, झोपण्याआधी फडताळातला चिवडा, असं करत रात्रीच्या ११०० होतात. बेरीज २७००. आता १९०० च्या वर ८०० गेलात, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम चरबी. आणि तरीही पाहा : बाकीचे सहा दिवस ठरल्याप्रमाणे गेले तर सहा चोक चोवीस, २४०० ची तूट, त्यातून ८०० वजा, उरले १६००. म्हणजे पुरता बिघडलेला बुधवार धरूनही त्या आठवड्यात दोनशे ग्रॅम चरबी उतरली.

आता तुमचा ‘सोमवारपासून’ त्यात घाला. सोमवार-मंगळवारची तूट ८००, ती बुधवारने खाल्ली. गुरुवार ते रविवार रोज २५०० झाले, कारण सुरुवात सोमवारी करायची आहे आणि तोवर मुभा आहे. चार दिवसांचे जादा ६०० मिळून २४००. म्हणजे त्या आठवड्यात तीनशे ग्रॅम चढली. दोन्ही आठवड्यांतला समोसा तोच, केक तोच. फरक ४००० कॅलरींचा, आणि त्यातली एकही कॅलरी समारंभात खाल्लेली नाही. हा तुमच्या पत्राचा गाभा आहे. पत्रात गुलाबजामवर एक शब्दही नसला तरी चालेल, गुरुवारच्या नाश्त्यावर मात्र हवा.

ही गंमत तुमच्या एकटीची नाही. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलींवर एक साधा प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं, काहींना दिलं नाही. मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि चव सांगायच्या निमित्ताने हवं तेवढं खा म्हटलं. ज्या मुली खाण्यावर लक्ष ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं माणूस करील तेच. खाण्याला लगाम घालून असणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं, न पिता आलेल्यांपेक्षाही जास्त. मर्यादा एकदा ओलांडली की उरलेल्या दिवसाला मर्यादाच राहत नाही, असं त्यांच्या डोक्यात झालं. आणि मर्यादा जितकी कडक, तितकी ती ओलांडली जाण्याची वेळ जास्त. म्हणून ‘गोड बंद’ आणि ‘बाहेरचं बंद’ खोडा. श्रावणापासून दिवाळीपर्यंतच्या आपल्या पंचांगात ‘गोड बंद’ हा नियम फार तर पंधरवडाभर टिकेल, आणि तो मोडला की तुमचा बुधवार होईल. त्याऐवजी ‘आठवड्यातून दोनदा, ताटात वाढून, बसून’ असं लिहा. चमचाभर तूप घातलेली पुरणपोळी तीनेकशे कॅलरींची असते. ती १५०० च्या दिवसात बसते, एक पोळी आणि भात कमी केला की झालं. नियमातच बसलेल्या पुरणपोळीने दिवस बिघडत नाही.

आता नियमांकडे. तुम्हाला फार नकोत.

पहिला नियम पुढच्या जेवणाचा. काहीही झालेलं असो, पुढचं जेवण नेहमीचं, नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढं. पत्रात ते जेवण नावानिशी लिहून ठेवा, कारण त्या क्षणी ‘काहीतरी हलकं’ हे शब्द कुठेही नेतात. उदाहरणार्थ : ज्वारीची एक मध्यम भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, वाटीभर दही. हे साडेपाचशेच्या आत-बाहेर भरतं. आणि समजा चुकीची गोष्टच रात्री अकराला घडली, तर ‘पुढचं जेवण’ म्हणजे उद्याचा नाश्ता, तोही रोजचाच.

तुम्ही विचाराल, एवढं जास्त खाल्ल्यावर नाश्ता टाळला तर काय बिघडतं? एखाद्याचं काहीच बिघडत नाही. भूक नसेल तर उशिरा खा, त्याला हरकत नाही. पण तुमच्या मसुद्यातला ताक-फळांचा दिवस वेगळा आहे, ती शिक्षा आहे, आणि तिचा क्रम ठरलेला असतो. गुरुवारी दिवसभरात पाचेकशे कॅलरी. दुपारपर्यंत छान वाटतं, आपण भरपाई केली म्हणून. साडेचारला डोकं दुखायला लागतं, सहाच्या लोकलमध्ये शेजारणीच्या पिशवीतल्या गरम वड्याचा वास येतो, आणि रात्री साडेआठला तुम्ही ज्या भुकेने घरात शिरता ती भूक भाकरी थापेपर्यंत थांबत नाही. शिक्षेचा दिवस असा दुसरा बुधवार होतो. शिवाय त्या दिवशी डाळ, दही, अंडी काहीच नीट पोटात जात नाही. असे दिवस वरचेवर आले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि चाळिशीनंतर ते परत मिळवणं सोपं नसतं. (आणि आपल्याकडे ‘उद्या उपास करते’ म्हणजे बहुधा साबुदाण्याची खिचडी. शेंगदाण्याचं कूट आणि तूप सढळ असेल तर एका बशीत चार-पाचशे कॅलरी सहज बसतात. ही भरपाई कोणत्या बाजूची, ते देवच जाणे.)

दुप्पट चालण्याचंही तसंच. तुमच्या वजनाला अर्धा तास झपाझप चालण्यात सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. समारंभातल्या ६५० फेडायला दोन तासांहून जास्त चालावं लागेल. ठाकुर्लीपर्यंत जाऊन परत आलात तरी फिटायचं नाही, गुडघे मात्र बोलू लागतील. चालणं रोजचं तेवढंच ठेवा. ते साखरेसाठी, झोपेसाठी, डोकं शांत व्हायला उपयोगी आहे. एकदा ते शिक्षा झालं की चांगल्या दिवशीही नकोसं होतं.

दुसरा नियम काट्याचा, आणि यावर थोडं थांबते, कारण बऱ्याच जणी इथेच सोडून देतात. बुधवारी शंभर ग्रॅम चरबी चढली असं आपण म्हटलं. गुरुवारी सकाळी काटा मात्र दीड किलो जास्त दाखवेल. तो खोटं बोलत नाही, पण तो चरबी वेगळी काढून मोजत नाही. समोसा, चिवडा, लोणचं यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं. भात, साखर, मैदा यांपासून शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साठा भरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येऊन बसतं. शिवाय कालचं अन्न अजून आतड्यातच आहे. हे सगळं दोन-चार दिवसांत निघून जातं. एका रात्रीत दीड किलो चरबी चढायला गरजेच्या वर साडेअकरा हजार कॅलरी खाव्या लागतील, आणि तेवढे गुलाबजाम कुणाच्या घरी नसतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सुरुवातीच्या आठवड्यात दीड-दोन किलो झटकन उतरतील, तेही मुख्यतः पाणीच. त्यावर भाळलात तर तिसऱ्या आठवड्यात काटा हलला नाही की तो वाईट दिवस वाटेल, खरं म्हणजे त्यात वाईट काहीच घडलेलं नसेल. आणि तुमच्या वयाला पाळी येण्याआधीच्या आठवड्यात एक-दोन किलो पाणी साचणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करू नका. मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करा.

तेव्हा काट्याचा नियम असा लिहा : एक तर रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचं, आकडा वहीत टाकायचा, त्याच्याकडे रोज बघायचं नाही आणि रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची. किंवा, रोजचा आकडा मनाला लागणारच असेल, तर आठवड्यातून एकदाच, आणि बाहेर खाल्ल्यानंतर तीन दिवस मुळीच नाही. तुम्ही ‘लाज वाटू दे’ लिहिणाऱ्यांपैकी आहात, तुम्हाला दुसरा मार्ग सोसेल असं मला वाटतं. सोबत महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीला टेपने कंबर मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका धरतात. काटा अडला असताना टेप खाली सरकताना दिसते, आणि तुमच्या साखरेचा संबंध त्या कमरेशी अधिक जवळचा आहे.

काही दिवस खाण्याने बिघडतच नाहीत, ते आधीच बिघडलेले असतात. मुलाला ताप, मेगाब्लॉक, मार्च अखेर, किंवा रात्रीची झोप चार तास. अशा दिवशी १५०० चा हट्ट धरू नका. त्या दिवसासाठी पत्रात ‘किमान दिवस’ असा एक वेगळा नियम ठेवा : आज वजन उतरवायचं नाही, फक्त चढू द्यायचं नाही. म्हणजे १९०० पर्यंत खायची मोकळीक. अट एवढीच की दोन जेवणांत डाळ, उसळ, अंडी, पनीर, मासे यांपैकी काहीतरी नीट असावं, आणि रात्री फोन बाजूला ठेवून तासभर आधी आडवं व्हावं. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड-तळलेल्याची ओढ वाढते. ती तुमची कमजोरी समजून भांडत बसलात तर हराल. पर्समध्ये मूठभर फुटाण्यांची पुडी कायम ठेवा, म्हणजे गाडी दिव्याला अर्धा तास अडली तरी उतरल्या उतरल्या वडापावच्या गाडीपाशी पाय थांबणार नाहीत. आणि फलाटावरच खायची पाळी आली तर इडली-चटणी घ्या. ती मिळाली नाही, वडापाव खाल्ला, तर तो तीनेकशे कॅलरींचा आहे, १९०० च्या दिवसात तो बसतो. विषय तिथेच संपवा.

उरला रागाचा किंवा रडू आलेला दिवस. इथे बंदीचा नियम सगळ्यात आधी मोडतो. मी इथे ‘खायचं नाही’ असं लिहायलाच सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ अशा आधीच ठरवलेल्या वाक्यांचा बराच अभ्यास केला आहे. नुसत्या ‘मी नीट वागेन’पेक्षा अशी वाक्यं जास्त पाळली जातात, कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही. तुमचं वाक्य असं असू दे : ‘घरात वाजलं आणि हात डब्याकडे गेला, तर चिवडा वाटीत काढीन, डब्याचं झाकण लावीन आणि खुर्चीत बसून खाईन.’ वाटीभर चिवड्याच्या दीड-दोनशे कॅलरी होतात, डब्यातून उभ्याने खाल्लेल्याची गणतीच नसते. वाटी संपल्यावर आणखी हवं असेल तर आणखी एक, तेही बसून. या नियमात मनाई कुठेच नाही म्हणून तो मोडणं अवघड आहे. आणि शक्य असेल तर घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा की अशा वेळी ‘डाएट आहे ना तुझं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्या प्रश्नानंतरची वाटी नेहमी मोठी असते.

आता पत्र. मी नमुना देते, शब्द तुमचे घाला, पण लांबी वाढवू नका.

‘अगं,

आज बिघडलं म्हणून तू हे उघडलंयस. आधी बस. पाणी पी.

आज कितीही खाल्लं असशील तरी चरबी फार तर शंभर-दीडशे ग्रॅम चढली असेल. उद्या काटा दीड किलो जास्त दाखवेल, ते पाणी आहे. तीन दिवस त्याच्यावर चढू नकोस.

नुकसान आजच्या दिवसात नाहीये. ते उद्यापासून रविवारपर्यंतच्या दिवसांत आहे, आणि ते दिवस अजून आलेले नाहीत.

अजून जेवली नसशील तर : एक भाकरी, वरण, भाजी, काकडी, दही. जेवण झालं असेल तर उद्या सकाळी नेहमीचा नाश्ता. उपास नाही, दुप्पट चालणं नाही, सोमवार नाही.

अजून खावंसं वाटतंय? वाटीत काढ, झाकण लाव, बसून खा.

दमली असशील, झोप झाली नसेल, तर आज किमान दिवस समज. १९०० पर्यंत चालेल. ओटा सकाळी आवर, आधी झोप.

वहीत आजच्या तारखेपुढे “बिघडला” एवढंच लिही, आणि का ते तीन शब्दांत. जास्त नको.

मी हे शांतपणे, पोटभर जेवून लिहिलंय. आत्ता तुझं डोकं जे सांगतंय त्यापेक्षा माझं ऐक.

— मीच’

हे कागदावर लिहा आणि चिवडा-फरसाणाच्या डब्यांच्या कपाटाला आतून चिकटवा. फोनमध्ये ठेवलंत तर ते शोधायला फोन उघडाल आणि भलत्याच कुणाचे फराळाचे फोटो बघत बसाल.

वहीतले ते तीन शब्द कशासाठी, तेही सांगते. महिन्याने पानं उलटा. आठवड्यातून एखादा दिवस बिघडला असेल तर काही करायला नको, वरचा हिशेब तो पचवतो. पण सलग दोन आठवडे, आठवड्यातून तीन-तीन दिवस बिघडत असतील, तर पत्र पुन्हा पुन्हा वाचून उपयोग नाही. चूक चांगल्या दिवसांच्या आखणीत आहे. रोज चार वाजता हात थरथरण्याइतकी भूक, रात्री जेवणाचेच विचार, केस गळणं, पाळी पुढे-मागे होणं यांतलं काही सोबत असेल तर १५०० तुम्हाला कमी पडताहेत. १६५०-१७०० करा आणि दुपारच्या डब्यात उसळ किंवा दोन अंडी वाढवा. उतरण्याचा वेग मंदावेल, महिन्याला किलोच्या आत येईल, चालेल. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत चारेक किलो उतरले तरी साखरेच्या तपासणीत बहुधा फरक दिसतो. त्याला थोडे महिने जास्त लागले तर लागू देत. थकवा आणि केस गळणं तरीही थांबलं नाही तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि वहीत एक वेगळी गोष्ट दिसली तर हे पत्र बाजूला ठेवा. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, सुरू झाल्यावर थांबताच येत नाही, लपून खाल्लं जातं, नंतर स्वतःची किळस येते, आणि असं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललेलं आहे, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेलं उलटी करून काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं होत असेल तर तीन महिने थांबायचं कारणच नाही. अशा वेळी कॅलरी मोजणं आधी थांबवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

हे सदर वाचून आणखी कुणी असं पत्र लिहायला बसणार असतील तर त्यांच्यासाठी एक सूचना. साखरेसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर ‘पुढचं जेवण नेहमीचं’ हा नियम तुम्हाला दुप्पट लागू आहे. जेवण टाळलंत तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, औषधाची मात्राही कमी करावी लागू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा तुटीचा हिशेब सध्या करूच नये.

ताई, तुमच्या पत्रातले आकडे ७६ किलोच्या बाईचे आहेत. ७१ वर आलात की १९०० चे साडेअठराशेच्या आसपास होतील. तेव्हा कपाटातला कागद काढून नवा लावा, आणि तीन महिने झाले की साखरेची तपासणी पुन्हा करून आकडा मला कळवा.